१,२०० युरो निघाले, किती पोचले?

‘कृपया तुमचा आयबॅन कळवा.’

जर्मनीतल्या कारखान्याच्या लेखा विभागाकडून येणारा हा एक ओळीचा ईमेल पुण्यातल्या भाषांतरकारांना पाठ झालेला असतो. काम झालेलं असतं, मजकूर तपासून मान्य झालेला असतो, बिलही पोचलेलं असतं. आता पैसे पाठवायचे म्हटल्यावर तिकडच्या लेखापाल बाईंच्या पडद्यावर एक रकाना रिकामा राहतो आणि तो भरल्याशिवाय पुढचं बटण दाबताच येत नाही. भारतीय खात्यांना आयबॅन नसतो. तो न देण्यात भाषांतरकाराची काही लपवाछपवी नाही, हे त्या बाईंना कुणीतरी सांगावं लागतं. ते काम अर्थातच भाषांतरकारावर येतं.

पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. मॅक्समुल्लर भवन आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले कितीतरी जण नोकरी न धरता घरी बसून यंत्रांच्या माहितीपुस्तिका जर्मनमधून इंग्रजीत आणतात. त्यांच्यातल्याच एकीचा प्रातिनिधिक व्यवहार इथे घेऊ. ग्राहक आहे बाडेन-व्युर्टेंबर्गमधला, पॅकिंगची यंत्रं बनवणारा मध्यम आकाराचा कारखाना. जर्मनीत भाषांतराचं मोल बऱ्याचदा शब्दावर नव्हे, तर ओळीवर ठरतं. ओळ म्हणजे मोकळ्या जागा धरून ५५ अक्षरं. पुस्तिका भरली १,२०० ओळींची, दर ओळीमागे १ युरो. बिल १,२०० युरोंचं.

युरोपात युरो पाठवणं म्हणजे आपल्याकडच्या एनईएफटीइतकंच साधं काम आहे. २००८पासून ‘सेपा’ ही व्यवस्था चालू आहे आणि चाळीसेक देशांत आयबॅन टाकला की युरो इकडून तिकडे जातात, तेही देशांतर्गत व्यवहाराच्याच खर्चात. भारत या व्यवस्थेत नाही. म्हणून लेखापाल बाईंना पहिल्यांदा सांगायचं ते हे, की बँकेच्या पडद्यावर ‘सेपा’ ऐवजी ‘परदेशी भरणा’ हा पर्याय निवडा. तो निवडला की आयबॅनची सक्ती जाते आणि साधा खाते क्रमांक चालतो.

त्याच्यासोबत लागतो बँकेचा स्विफ्ट कोड, आणि इथेच पहिला घोळ होतो. पासबुकावर ठळक छापलेला असतो तो आयएफएससी, देशातल्या देशात पैसे फिरवण्यासाठीचा. तो ११ अक्षरांचा असतो आणि स्विफ्ट कोडही ८ किंवा ११ अक्षरांचा असतो, त्यामुळे घाईत एकाच्या जागी दुसरा जातो. ओळखायची खूण सोपी आहे. आयएफएससीमध्ये पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. स्विफ्ट कोडात पाचवं-सहावं अक्षर देशाचं असतं, म्हणजे भारतीय बँकेसाठी ‘IN’. स्टेट बँकेचा कोड SBININBB असा सुरू होतो, तर तिच्या शाखांचे आयएफएससी SBIN0 असे. शिवाय प्रत्येक शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. कोपऱ्यावरच्या शाखेत खातं असलं, तरी परकीय चलनाचं काम बँकेच्या दुसऱ्याच शाखेतून होतं आणि कोड तिचा द्यावा लागतो. तो शाखेत विचारून घ्यावा. इंटरनेटवरच्या याद्यांवर भरवसा ठेवू नये.

आता पैसे निघाले. म्हणजे खरं तर निघाला तो एक संदेश. बेल्जियममध्ये मुख्यालय असलेली आणि १९७३ साली स्थापन झालेली स्विफ्ट ही संस्था पैसे वाहून नेत नाही. ती बँकांचे निरोप वाहते. प्रत्यक्ष युरो भारतात येतच नाहीत. आपल्या बँकेचं युरोपातल्या एखाद्या मोठ्या बँकेत युरोचं खातं असतं, त्यात रक्कम जमा होते आणि त्या बदल्यात आपली बँक इथे रुपये देते. कारखान्याची बँक गावातली छोटी बचत बँक असेल, तर तिची आणि आपल्या बँकेची थेट ओळख नसते, मग मध्ये एखादी मध्यस्थ बँक येते. निरोप पुढे देण्याबद्दल ती स्वतःची फी घेते, आणि बऱ्याचदा ती वेगळी न मागता चालत्या रकमेतूनच उचलते.

ही फी कुणी सोसायची हे पाठवणारा ठरवतो. पडद्यावर तीन पर्याय येतात: OUR, SHA आणि BEN. OUR म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. SHA म्हणजे पाठवणारा आपल्या बँकेचा खर्च देणार आणि वाटेतला व पोचतानाचा खर्च घेणाऱ्यावर. BEN म्हणजे सगळंच घेणाऱ्याच्या माथी. काहीच न निवडलं, तर बहुतेक बँकांत SHA आपोआप लागू होतं. लेखापाल बाईंनी मुद्दाम काही वाईट केलेलं नसतं. त्यांनी तो रकाना पाहिलेलाच नसतो.

आपल्या भाषांतरकाराच्या खात्यात काय झालं ते पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून बाजारभाव १ युरोला १०० रुपये धरू. फी आणि दरफरकाचे आकडेही उदाहरणापुरते आहेत, बँकेगणिक ते बदलतात. १,२०० युरो म्हणजे १,२०,००० रुपये, अशी तिची अपेक्षा. मध्यस्थ बँकेने १५ युरो कापले, उरले १,१८५. आपल्या बँकेने दर दिला ९८ रुपये ५० पैसे, म्हणजे बाजारभावापेक्षा दीड टक्का कमी. झाले १,१६,७२२ रुपये ५० पैसे. परदेशातून आलेल्या रकमेची हाताळणी फी २५० रुपये आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २९५. शिवाय चलन बदलून देणं हीसुद्धा सेवाच, म्हणून तिच्यावर वेगळा जीएसटी. तो सगळ्या रकमेवर लागत नाही. नियमाने सेवेचं जे मूल्य ठरतं त्यावर लागतो: १ लाखापर्यंत रकमेचा १ टक्का, त्यापुढे १० लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का, आणि या मूल्यावर १८ टक्के. इथे ते होतात सुमारे १९५ रुपये. हातात आले १,१६,२३२ रुपये. तूट ३,७६८ रुपयांची.

बहुतेक जण इथे पहिला राग काढतात तो त्या १५ युरोंवर, कारण ते डोळ्यांना दिसतात. पण तुटीची फोड केली तर मध्यस्थाने नेले १,५०० रुपये, फी आणि करात गेले ४९०, आणि दरातल्या दीड रुपयाच्या फरकात गेले १,७७७. सगळ्यांत मोठा वाटा तिच्या स्वतःच्याच बँकेने घेतला, आणि तो पासबुकात कुठेही ‘फी’ म्हणून छापलेला नाही. ग्राहकाशी बोलण्याआधी ही फोड स्वतःपुरती करणं भाग आहे, कारण तिच्यातला एकच तुकडा ग्राहकाच्या हातात आहे. कारखान्याने OUR निवडलं तर ते १५ युरो वाचतील. ९८.५०चा दर त्यांनी दिलेला नाही, तो सुधारणंही त्यांच्या आवाक्यात नाही. ‘तुमच्याकडून पैसे कमी आले’ असं मोघम लिहिलं, की समोरचा आपल्या बँकेचं विवरण काढून दाखवतो: १,२०० युरो वजा झालेत. दोघंही खरं बोलत असतात आणि चार ईमेल वाया जातात.

त्यापेक्षा पुरावा मागवावा. अशा भरण्याच्या संदेशाला बँकेच्या भाषेत ‘एमटी-१०३’ म्हणत. नोव्हेंबर २०२५पासून बँकांनी नव्या साच्याचा संदेश स्वीकारला, तरी शाखेतल्या काउंटरवर जुनं नावच अजून चालतं. लेखापाल बाईंना आपल्या बँकेकडून त्याची प्रत मिळू शकते, आणि आपल्या बँकेलाही पोचलेल्या संदेशाची प्रत मागता येते. जुन्या साच्यात पाहण्याजोग्या ओळी चारच:

```
:32A:250310EUR1185,00
:33B:EUR1200,00
:71A:SHA
:71F:EUR15,00
```

33B म्हणजे मुळात पाठवायला सांगितलेली रक्कम, 32A म्हणजे पुढच्या बँकेला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, 71A म्हणजे खर्च कुणाचा, आणि 71F म्हणजे वाटेत कापलेली फी. नव्या साच्यात नावं बदलली, माहिती तीच आहे. SHAच्या जागी SHAR आणि OURच्या जागी DEBT असं दिसतं. पाठवणाऱ्याकडच्या प्रतीत OUR असूनही इकडे रक्कम कमी पोचली, तर हा कागद घेऊन पाठवणाऱ्या बँकेकडे दाद मागता येते. असं घडतं, कुठली मध्यस्थ बँक मध्ये येईल यावर पाठवणाऱ्याचा नेहमीच ताबा नसतो.

तर ग्राहकाला लिहायचं काय? अनुभवी मंडळी हे काम बिलानंतर करत नाहीत, दरपत्रकासोबतच करतात. आपल्या भाषांतरकाराने पुढच्या कामाआधी पाठवलेल्या पत्राचा मराठी आशय साधारण असा होता: ‘माझं बिल युरोत असेल. भारतीय खात्यांना आयबॅन नसतो, म्हणून परदेशी भरणा निवडून खालचा खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड वापरावा. रक्कम युरोतच पाठवावी, तुमच्या बँकेत रुपयांत बदलू नये. खर्चाचा पर्याय OUR ठेवावा, म्हणजे बिलाची रक्कम पूर्ण पोचेल. तो खर्च आपल्याला जास्त वाटत असेल तर तसं कळवा. महिन्याची कामं एका बिलात घालून आपण तो विभागू शकतो. संदर्भाच्या जागी बिल क्रमांक लिहावा.’

या पत्रात विनवणी नाही आणि तक्रारही नाही. OURचा खर्च ग्राहकाला पडतो हे उघड सांगितलं आहे आणि सोबत एक तोडही दिली आहे. ती तोड नुसत्या सौजन्याची नाही. मध्यस्थाची फी बऱ्याचदा रकमेवर नसते, ती व्यवहारामागे ठरावीक असते. १,२०० युरोंतून १५ गेले तर सव्वा टक्का. पण एका पानाच्या प्रमाणपत्राच्या ९० युरोंतून १५ गेले, तर सहावा हिस्सा गेला. किरकोळ कामांची बिलं महिनाअखेरीला एकत्र करणं दोघांच्याही फायद्याचं असतं, आणि ग्राहकाच्या लेखा विभागालाही चारऐवजी एकच नोंद करावी लागते.

पत्रातलं ‘रुपयांत बदलू नये’ हे वाक्य मात्र अनेकांकडून सुटतं. जर्मन बँकेच्या पडद्यावर कोणत्या चलनात पाठवायचं असं विचारतात. लेखापाल बाई चांगुलपणाने विचार करतात: समोरची व्यक्ती भारतात आहे, तिला रुपये पाठवू. मग युरोचे रुपये जर्मनीतच होतात, तिथल्या बँकेच्या दराने, आणि हा दर काय होता हे इकडे कुणालाच कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे बिल डॉलरमध्ये असणं. कित्येक नवे लोक ‘परदेशी म्हणजे डॉलर’ असं समजून जर्मन ग्राहकालाही डॉलरमध्ये बिल देतात. मग युरोचे डॉलर तिकडे, डॉलरचे रुपये इकडे, आणि दोन्ही नाक्यांवर दराचा फरक भरावा लागतो.

मग रुपयांतच बिल का देऊ नये? तसा कायद्याचा अडसर फारसा नाही, आणि परदेशी व्यापाराचा हिशेब रुपयांत करण्याची एक वाट रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२मध्ये खुलीही केली. पण पॅकिंग यंत्रांच्या कारखान्याला रुपया विकत घेऊन ठेवण्यात काही रस नसतो. रुपयांत बिल दिलं की दरातल्या चढउताराचा धोका त्याच्याकडे जातो, आणि तो धोका पत्करण्यापेक्षा तो दुसरा भाषांतरकार शोधेल. युरोत बिल देताना हा धोका आपण पत्करतो, हे ओळखूनच दर ठरवावा लागतो. जर्मन कंपन्यांत ३० दिवसांची मुदत सर्रास असते. काम घेतल्यापासून पैसे येईपर्यंत दोन-अडीच महिने सहज जातात. म्हणून दरपत्रकावर ‘हा दर अमुक तारखेपर्यंत’ अशी ओळ हवी. बारा महिन्यांच्या करारात तर ती हवीच.

आलेले युरो त्याच दिवशी रुपयांत बदलायची सक्तीही नाही. निर्यातीतून परकीय चलन कमावणाऱ्याला बँकेत ‘ईईएफसी’ खातं उघडता येतं. त्यावर व्याज मिळत नाही आणि शिल्लक पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत रुपयांत बदलावी लागते. दराची वाट पाहण्याला त्यामुळे आपोआपच मर्यादा येते. महिन्याला एक-दोन बिलं असणाऱ्यासाठी हा खटाटोप माझ्या मते फारसा परवडणारा नाही. पण जर्मन सॉफ्टवेअरचं सदस्यत्व, शब्दकोशांची वर्गणी असे युरोतले खर्च असतील, तर तेच युरो तिकडे वापरता येतात आणि बदलायचा खर्च दोनदा पडत नाही.

दुसरी वाट गेल्या काही वर्षांत रुळली आहे. परदेशी पैसे गोळा करून देणाऱ्या कंपन्या आपल्यासाठी युरोपात एक जमा-क्रमांक उघडून देतात. ग्राहकाला आयबॅन मिळतो, तो साधा सेपा भरणा करतो आणि कंपनी रुपये आपल्या खात्यात टाकते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३मध्ये अशा सीमापार सेवांसाठी नियम घालून परवान्याची चौकट आखली. अशा सेवेने समजा १ टक्का घेतला आणि दर बाजारभावाचा दिला, तर आपल्या उदाहरणात फी १,२०० रुपये आणि तिच्यावरचा जीएसटी २१६, इतक्यात काम भागतं. ग्राहकाला पडतो तो फक्त सेपाचा खर्च. पेपाल भारतात अजून निर्यातीच्या पैशांसाठी चालतं (देशांतर्गत भरणा त्यांनी एप्रिल २०२१पासून बंद केला), पण तिथे ४ टक्क्यांहून अधिक फी आणि वर चलनबदलाचा वेगळा फरक लागतो. पन्नास युरोंच्या कामाला ठीक, हजारांना नको.

जमा-क्रमांकाच्या वाटेवर ऑक्टोबर २०२५पासून एक नवा गतिरोधक आला आहे. युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना आता भरणा करण्याआधी खातेदाराचं नाव आणि आयबॅन जुळतात का, ते तपासून पाठवणाऱ्याला दाखवावं लागतं. जमा-क्रमांक कधीकधी त्या कंपनीच्याच नावावर असतो. लेखापाल बाई भाषांतरकाराचं नाव टाकतात आणि पडद्यावर इशारा येतो, नाव जुळत नाही. फसवणुकीचे किस्से ऐकलेली कोणतीही लेखापाल इथे थांबेल, आणि तिने थांबावंच. म्हणून हा क्रमांक देतानाच सांगावं, की पडद्यावर अमुक कंपनीचं नाव दिसेल, आणि सेवेकडून मिळणारं खात्याचं प्रमाणपत्र सोबत जोडावं.

याच कारणासाठी भरण्याची वाट मध्येच बदलायची असेल तर नुसत्या ईमेलवर भागवू नये. ‘आमचं खातं बदललं आहे, यापुढे या क्रमांकावर पाठवा’ हा ईमेल चोरांचाही आवडता आहे. ते कुणाच्यातरी पेटीत शिरून हुबेहूब असंच लिहितात. आपल्या भाषांतरकाराने पहिल्याच पत्रात लिहून टाकलं, की खाते क्रमांकातला बदल मी ईमेलने कळवला तरी आधी मला फोन करून खात्री करा, आणि फोन आधीपासून तुमच्याकडे असलेल्या नंबरवरच करा.

कागदपत्रांपैकी ग्राहकाला सांगण्याजोगं थोडंच आहे. बाकीचं आपल्या बाजूचं. पैसे आले की बँक ईमेलने पर्पज कोड विचारते, म्हणजे ही रक्कम कशाबद्दल आली त्याचा पाच अक्षरांचा संकेत. सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी P0802, व्यवस्थापन सल्ल्यासाठी P1006, असे. हा ईमेल जाहिरात समजून दुर्लक्षिला गेला की पैसे बँकेतच अडकून पडतात आणि शेवटी परतही जाऊ शकतात. ग्राहक सांगतो ‘आठवड्यापूर्वी पाठवले’, आणि तो बरोबर असतो. संदर्भाच्या जागी बिल क्रमांक आणि कामाचा प्रकार असेल तर ही चौकशी लवकर उरकते. त्या रकान्यात जेमतेम १४० अक्षरं मावतात, त्यामुळे प्रेमाचे दोन शब्द लिहायला जागा नसते.

बँकेकडून रकमेची पावतीही मागून घ्यावी. शाखेत तिला कुणी ‘फिरा’ म्हणतं, कुणी ‘एफआयआरसी’. जीएसटीत नोंदणी असेल तर हिचं काम पडतं, कारण सेवेची निर्यात ठरायला पैसे परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेली असेल तिथे रुपयांत, यावे लागतात. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला सहसा नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल, तर दर वर्षी ‘एलयूटी’ भरून कर न आकारता बिल देता येतं. बिलावर तसा ठरावीक शेरा मात्र छापावा लागतो. तो शेरा पाहून जर्मन लेखापाल हमखास विचारते, हा कुठला कर आम्हाला भरायचा आहे का? उत्तर एका वाक्यात द्यावं: भारताच्या बाजूने काही कर आकारलेला नाही, तुमच्या देशातला विक्रीकराचा हिशेब तुमच्या सल्लागाराच्या सांगण्याप्रमाणे करा. जर्मन कर समजावून सांगायला भाषांतरकाराने जाऊ नये.

राहिला तो दीड रुपया. त्यासाठी ईमेल नाही, शाखेत जावं लागतं. सोबत गेल्या वर्षभरातल्या आलेल्या रकमांची यादी, आणि प्रत्येक तारखेचा एफबीआयएलचा संदर्भ दर; तो रोज दुपारी जाहीर होतो आणि २०१८पासून रिझर्व्ह बँकेऐवजी ही संस्थाच तो काढते. बँकेने दिलेला दर आणि त्या दिवशीचा संदर्भ दर शेजारीशेजारी मांडले की फरक पैशांत दिसतो. ‘दर बरा द्या’ म्हणण्यापेक्षा ‘माझा फरक दीड टक्का पडतोय, तो किती करता?’ असं विचारलं की काउंटरवरचा माणूस आत जाऊन कुणालातरी फोन लावतो. वर्षाला दहा-बारा लाखांचे युरो आणणाऱ्या ग्राहकाचा फरक एका टक्क्याच्या आत आणायला काही बँका तयार होतात, काही होत नाहीत. नाही म्हणणाऱ्या बँकेतून खातं हलवायचं ठरलं, तर जर्मनीतल्या लेखापाल बाईंना आधी फोन करावा लागतो.